कोल्हापूर ७०% पाऊस असं दाखवतंय, म्हणजे नेमकं काय? (सोयाबीन खळ्यावर आहे)

शिरोळ_काठ
मंडळी, ऑक्टोबर चालू आहे, सोयाबीनची मळणी झाली, दहा क्विंटल माल अंगणात वाळत घातलाय. मोबाईलवर उद्याचं ‘७०% पाऊस’ दिसतंय. काल पण ७०च होतं आणि एक थेंब पडला नाही. म्हणजे अंदाज चुकला का? आणि ७० टक्के म्हणजे काय, जिल्ह्याच्या ७० टक्के भागात, का दिवसातला ७० टक्के वेळ, का ७० टक्के जोराचा? झाकावं की उघडं ठेवावं, तेवढं सांगा. मालाला अजून उन्हाची गरज आहे.

करवीर_कट्टा
सोपं आहे भावा. ७० टक्के भागात पडणार, ३० टक्के भाग कोरडा. काल तुझं गाव त्या तीसमध्ये आलं. त्यात चुकलं काय?

पावसाळी_वही
करवीर_कट्टा, तुमचं म्हणणं एका खास परिस्थितीत खरं ठरतं, पण त्या आकड्याचा अर्थ तो नाही. शिरोळ_काठ, तुमचे तिन्ही अर्थ आधी बाजूला ठेवा. वेळ नाही, जोर नाही, भागही नाही.

हा आकडा पूर्ण वाचायचा तर तीन गोष्टी लागतात: कुठे, कधीपासून कधीपर्यंत, आणि किमान किती पडला की ‘पाऊस झाला’ म्हणायचं. अमेरिकेच्या हवामान खात्याने १९६०च्या दशकाच्या मध्यापासून लोकांसाठी असे टक्के द्यायला सुरुवात केली. तिथला अर्थ असा की अंदाजाच्या क्षेत्रातल्या कोणत्याही एका ठिकाणी, ठरलेल्या वेळेत, किमान ०.०१ इंच म्हणजे साधारण पाव मिलिमीटर पाऊस पडण्याची शक्यता. मोबाईलवरची बरीच अ‍ॅप्स याच धर्तीवर आकडा दाखवतात, पण त्यांची किमान मर्यादा कमीजास्त असते आणि ती बहुतेक वेळा पडद्यावर लिहिलेली नसते.

तेव्हा तुमच्या ७०चं वाक्य असं होतं: उद्याच्या चोवीस तासांत तुमच्या अंगणात पाव मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस पडण्याची शक्यता दहात सात. पाव मिलिमीटर म्हणजे धूळ बसेल एवढा शिडकावा. आपल्या हवामान खात्याचा ‘पावसाचा दिवस’ वेगळा मोजतात. सकाळी साडेआठ ते दुसऱ्या सकाळी साडेआठ या चोवीस तासांत २.५ मिलिमीटर किंवा जास्त पडला तरच तो दिवस पावसाचा. म्हणजे एकाच दिवशी अ‍ॅपच्या हिशेबाने पाऊस झाला आणि खात्याच्या हिशेबाने झाला नाही, असं सहज घडतं.

करवीर_कट्टा
मग क्षेत्राचं काय? टक्के काढताना खात्री गुणिले क्षेत्र करतात असं मी वाचलंय. ते खोटं का?

पावसाळी_वही
खोटं नाही, अर्धवट आहे. क्षेत्रात कुठेतरी पाऊस होईल याची खात्री आणि झालाच तर किती भागाला मिळेल, यांचा गुणाकार केला की सरासरी एका ठिकाणची शक्यता मिळते. दोन दिवस घ्या.

पहिला दिवस जुलैचा. समुद्राकडून ढग येतायत, पाऊस आला तर सगळीकडे सारखाच येणार, पण येईल याची खात्री ७० टक्के. ०.७ गुणिले १, म्हणजे ७०.

दुसरा दिवस ऑक्टोबरचा. दुपारी ढग चढणार आणि वळवाच्या सरी कुठे ना कुठे कोसळणार, हे जवळपास नक्की, समजा खात्री ९० टक्के. झालाच तर ७८ टक्के भाग भिजेल. ०.९ गुणिले ०.७८, म्हणजे पुन्हा ७०.

पडद्यावर दोन्हीकडे तोच आकडा. तुमचा अर्थ लागू पडतो तो तिसऱ्याच दिवशी, जेव्हा पावसाची खात्री शंभर टक्के असते आणि भाग नेमका सत्तर टक्के. तेव्हा दोन्ही आकडे जुळतात, म्हणून लोकांना तोच अर्थ वाटतो.

एका अंगणापुरतं बघितलं तर पहिल्या दोन दिवसांत काही फरक नाही. फरक पडतो तो दोन शेतं असणाऱ्याला. एक शेत पन्हाळ्याच्या बाजूला, एक शिरोळला, आणि मजूर एकच टोळी. जुलैच्या दिवशी दोन्ही एकदम भिजतील नाहीतर दोन्ही कोरडी राहतील. ऑक्टोबरच्या दिवशी एक भिजेल आणि दुसरं कोरडं राहील, याची शक्यता मोठी. त्यामुळे ऑक्टोबरात इचलकरंजीत धो धो पडला आणि शिरोळात ऊन होतं, यावरून अंदाज बरोबर होता का चूक, यातलं काहीच ठरत नाही.

पंचगंगा_घाट
७० टक्के म्हणजे धोक्याची पातळी येणार का? राजाराम बंधाऱ्याला इशारा ३९ फूट, धोका ४३. मागच्या पुरापासून ७० दिसलं की पोटात गोळा येतो.

पावसाळी_वही
पंचगंगा_घाट, या आकड्यात पाणी किती पडणार याची माहितीच नसते. पाव मिलिमीटरसाठी ७० आणि दोनशे मिलिमीटरसाठी ७०, दोन्ही ‘७०% पाऊस’च दिसतील. पुराला लागतो तो गगनबावडा, राधानगरी या घाटाकडच्या पाणलोटातला सलग काही दिवसांचा पाऊस, वर धरणाचा विसर्ग. त्यासाठी मिलिमीटरचा अंदाज बघायचा. खात्याच्या भाषेत चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिमी जोरदार, ११५.६ ते २०४.४ अति जोरदार, त्याच्या वर अत्यंत जोरदार. शहराच्या टक्क्यावरून नदीचा अंदाज बांधू नका.

बांधकाम_बाबा
माझा पण प्रश्न घ्या. परवा उजळाईवाडीला स्लॅब आहे. दिवसाचा आकडा ७०, पण तासातासाचं उघडलं तर दुपारी दोन ते रात्री आठ प्रत्येक तासाला १५-१५ टक्केच दिसतं. दोन्ही एकाच अ‍ॅपमध्ये. कुठला खरा मानायचा? मला तर थापा वाटतात.

गणित_मास्तर
थापा नाहीत. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकतात. सहा तास, प्रत्येकी १५ टक्के. एका तासाचा पाऊस दुसऱ्या तासावर अवलंबून नाही असं धरलं तर सहाही तास कोरडे जाण्याची शक्यता ०.८५ चा सहावा घात, म्हणजे सुमारे ०.३८. मग निदान एका तासात पाऊस होण्याची शक्यता ६२ टक्के.

पण तास एकमेकांपासून मोकळे नसतात. एकच सर येणार आणि ती एकाच तासात बसणार असेल, तर बेरीज करायची: सहा पंधरा नव्वद. उलट आला तर सहाही तास पडणार, नाहीतर एकही नाही, असा दिवस असेल तर दिवसाचाही आकडा १५च. म्हणजे तेच सहा १५ घेऊन दिवसाचा आकडा १५ ते ९० मध्ये कुठेही बसतो. तुमचा ७० त्यात आरामात बसतो आणि वळवाच्या दिवसाचं चित्रही तसंच असतं: सर येणार, कधी ते ठाऊक नाही.

बांधकाम_बाबा
म्हणजे स्लॅबला मी दिवसाचा ७० धरायचा?

पावसाळी_वही
दोन्ही नाही. तुम्हाला दिवसभराचा शिडकावा नडत नाही. ओतल्यानंतर काँक्रीट पकडेपर्यंतचे पहिले काही तास आणि त्यातला जोराचा पाऊस नडतो, वरचा सिमेंटचा थर धुऊन नेणारा. पकडल्यावर पाऊस आला तर क्युरिंगचं पाणी वाचलं. तुम्ही पहाटे सुरू करून साडेदहाला संपवलं, तर बघायचं ते सकाळी सहा ते दुपारी तीन, आणि पाव मिलिमीटर नाही तर तासाला पाच-सहा मिलिमीटर. त्या घटनेची शक्यता ७० पेक्षा कितीतरी खाली असणार. अ‍ॅपमध्ये तासाचे मिलिमीटर दिसत असतील तर ते बघा. नसतील तर ७० वरून ट्रक रद्द करू नका. ताडपत्री आणि कडेचे बांबू मात्र आधी आणून ठेवा.

शिरोळ_काठ
माझं काय ते सांगा की. सोयाबीन भिजलं तर पाच रुपये पण न्हाई मिळत, डाग पडतो.

गणित_मास्तर
तुमचं गणित तर सगळ्यांत सोपं आहे. दोन आकडे द्या. झाकायला आणि सकाळी उघडायला किती खर्च? भिजलं तर किती नुकसान?

शिरोळ_काठ
झाकायला दोन गडी, अर्धा दिवस वाळणं बुडतं, सगळं मिळून ८०० धरा. भिजलं तर क्विंटलमागे ५०० तरी कमी मिळतात. दहा क्विंटल, म्हणजे ५०००.

गणित_मास्तर
८०० भागिले ५०००, म्हणजे ०.१६. पावसाची शक्यता १६ टक्क्यांच्या वर असेल तर झाका, खाली असेल तर उघडं ठेवा. ७० ला विचार करायचं कारणच नाही, २० ला सुद्धा झाकायचं.

पडताळून बघा. उघडं ठेवलं तर सरासरी नुकसान ०.७ गुणिले ५००० = ३५०० रुपये. झाकलं तर ८०० नक्की गेले. २० टक्क्यांना १००० विरुद्ध ८००. १० टक्क्यांना ५०० विरुद्ध ८००, तेव्हा ऊन घ्या. काल ७० असताना तुम्ही झाकलं असतं आणि पाऊस आला नसता, तरी निर्णय बरोबरच होता.

शिरोळ_काठ
पण सलग चार दिवस ७० दाखवलं तर चार दिवस झाकूनच ठेवू? आत घाम धरून माल काळा पडतो.

पावसाळी_वही
हा मुद्दा गणितात धरायलाच हवा. मास्तरांनी धरलेले ८०० एका दिवसाचे. झाकण जितके दिवस राहील तितकं झाकल्याचंही नुकसान वाढत जातं, मग मर्यादा १६ वर राहत नाही, वर सरकते. पहिल्या दिवशी १६, तिसऱ्या दिवशी कदाचित ४०, हे तुमच्या मालाच्या ओलाव्यावर आहे. म्हणून दिवसाचा एकच आकडा न घेता तासांचा बघा. ऑक्टोबरची सर बहुतेक दुपारनंतर येते. सकाळी नऊ ते दुपारी एक उघडा, पातळ पसरा, दर तासाला पलटा, एकला गोळा करून झाका. तेव्हा तुमची घटना ‘सकाळी पाऊस’ होते, आणि तिची शक्यता दिवसाच्या ७० पेक्षा बरीच कमी असते.

करवीर_कट्टा
सगळं ठीक, पण हे ७० येतं कुठून? कुणी टेबलावर बसून ठरवतं का?

पावसाळी_वही
मुख्यतः एकाच संगणकी प्रारूपाच्या अनेक धावा करून. आजच्या हवेची मोजमापं कुठेही पूर्ण नसतात, म्हणून सुरुवातीच्या आकड्यांत थोडाथोडा फरक करून तेच गणित पुन्हा पुन्हा सोडवतात. युरोपच्या हवामान केंद्रात अशा ५१ धावा असतात. हे गणित नकाशाचे चौकोन पाडून होतं; तुमच्या चौकोनात ३६ धावांत पाऊस आला, तर ३६ भागिले ५१, सुमारे ७१ टक्के. नंतर जुन्या अंदाजांशी तुलना करून तो आकडा सुधारतात. ही सुधारणा प्रत्येक अ‍ॅप आपापल्या पद्धतीने करतं, काही तर करतच नाहीत. म्हणून दोन अ‍ॅप्समध्ये एकाच दिवसाला ७० आणि ४५ दिसतात.

इथे कोल्हापूरची अडचण येते. जगभराच्या प्रारूपांचे चौकोन सुमारे ९ ते २५ किलोमीटरचे. घाटमाथ्यावर गगनबावड्याला पडणारा पाऊस शिरोळच्या कितीतरी पट असतो आणि मध्ये अंतर शंभर किलोमीटरही नाही. एका चौकोनात डोंगर, दरी आणि पठार एकत्र येतात, आणि प्रारूपातला डोंगर खऱ्या डोंगरापेक्षा बुटका असतो. ऑक्टोबरचा वळीव तर चार-पाच किलोमीटर रुंदीचा, चौकोनात मावून उरेल एवढा लहान. कोणत्या गावावर कोसळेल हे त्या चौकोनाला सांगताच येत नाही. पूर्वेकडच्यांनी एक आणखी बघावं: अ‍ॅपमध्ये ‘कोल्हापूर’ टाकलंय का आपलं गाव. शहराचा आकडा शिरोळला लावला की पावसाळ्यात शक्यता फुगलेली दिसते.

गणित_मास्तर
आणि खात्याचं जिल्ह्याचं पत्रक बघा, त्यात दोन गोष्टी वेगळ्या दिलेल्या असतात. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे जिल्ह्यातल्या २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर, ‘काही ठिकाणी’ २६ ते ५०, ‘बऱ्याच ठिकाणी’ ५१ ते ७५, ‘बहुतांश ठिकाणी’ ७६ च्या वर. हा भाग झाला. शक्यतेला वेगळे शब्द आहेत. अ‍ॅपच्या एका ७० मध्ये हे दोन्ही मिसळून गेलेलं असतं.

पंचगंगा_घाट
पण अंदाज बरोबर आहे का चूक, हे सामान्य माणसानं ओळखायचं कसं? काल ७० होतं, पडला नाही, हा पुरावा नाही का?

गणित_मास्तर
एका दिवसाचा नाही. ७० च्या दिवशी कोरडं जाणं दहात तीनदा अपेक्षितच आहे. सलग दोन ७० चे दिवस कोरडे गेले तर साधारण शेकड्यात नऊ वेळा, पण तेही दिवस एकमेकांपासून मोकळे धरले तर. एकाच ढगाळ आठवड्यात अंदाजाची चूक एका दिवसातून दुसऱ्यात चालत जाते, म्हणून सलग तीन कोरडे दिवस बघून लगेच निष्कर्ष काढू नये.

तपासायचं तर वही करा. रोज एकाच वेळी, समजा संध्याकाळी सहाला, उद्याचा आकडा लिहा. दुसऱ्या दिवशी पाऊस झाला का नाही ते लिहा. मग ६५ ते ७५ दाखवलेले सगळे दिवस एका बाजूला काढा. असे २० दिवस जमले तर १४ दिवशी पाऊस व्हायला हवा, पण १० ते १८ पर्यंत काहीही आलं तरी अंदाजाला दोष देता येत नाही, नशिबाचा चढउतार तेवढा असतो. शंभर दिवस जमले तर ६१ ते ७९. शंभरातून ५० आले तर मात्र अ‍ॅप पाऊस वाढवून सांगतंय. आणि फक्त ७० चे दिवस नको, १०, २०, ३० चेही काढा. २० च्या दिवसांत ५ टक्केच पाऊस निघाला तर ते कमी आकडे फुगवलेले आहेत. पाऊस न सांगता भिजलेल्या माणसाची शिवी ‘सांगितलं पण पडला नाही’ म्हणणाऱ्यापेक्षा मोठी असते, म्हणून काही व्यावसायिक अंदाजांत हे आढळतं.

करवीर_कट्टा
जुलैत तर रोजच पडतो. मी रोज ९० लिहून ठेवलं तरी माझी वही बरोबर येईल की.

पावसाळी_वही
येईल, आणि म्हणूनच जुळणं पुरेसं नाही. रोज तोच आकडा सांगणारा जुळतो, पण कोणत्या दिवशी झाकायचं हे त्याच्याकडून कळत नाही. दोन्ही एकत्र मोजायला अमेरिकी हवामानतज्ज्ञ ब्रायरने १९५० मध्ये एक साधं माप सुचवलं. पाऊस झाला तर १, नाही झाला तर ०. अंदाज अपूर्णांकात. दोघांतल्या फरकाचा वर्ग घ्या, सगळ्या दिवसांची सरासरी काढा. कमी तेवढं चांगलं. काल ७० आणि कोरडं: ०.४९. ७० आणि पाऊस: ०.०९. तुमच्या ९० ला एक कोरडा दिवस ०.८१ ने महाग पडतो. अ‍ॅपची सरासरी ‘रोज तोच आकडा’ पेक्षा कमी आली, तरच अ‍ॅपचा उपयोग. माझ्या मते ऑक्टोबरात हा फरक दिसतो, जुलैत फारसा नाही.

बांधकाम_बाबा
पाऊस झाला का नाही हे तरी कसं ठरवायचं? एक म्हणतो पडला, दुसरा म्हणतो नुसतं भिजलं.

पावसाळी_वही
मोजून. १६ सेंटिमीटर व्यासाचं प्लास्टिकचं नरसाळं घ्या. त्याच्या तोंडाचं क्षेत्रफळ सुमारे २०१ चौरस सेंटिमीटर होतं, आणि मग १ मिलिमीटर पाऊस म्हणजे २० मिलिलिटर पाणी. खाली बाटली, बाटली मातीत अर्धी पुरलेली, म्हणजे उन्हाने तापून पाणी उडत नाही. औषधाच्या मापाने मोजायचं. ५ मिलि आलं की पाव मिलिमीटर, अ‍ॅपचा पाऊस झाला. ५० मिलि आलं की २.५ मिलिमीटर, खात्याचा पावसाचा दिवस. रोज सकाळी साडेआठला मोजून रिकामी करायची.

चुका ठरलेल्या आहेत: झाडाखाली किंवा पागोळीजवळ ठेवलं की पाणी जास्त, भिंतीच्या आडोशाला कमी. उंच वस्तूपासून निदान तिच्या उंचीच्या दुप्पट लांब ठेवा. नरसाळं तिरकं झालं तरी माप बिघडतं. आणि अ‍ॅपचा दिवस मध्यरात्री ते मध्यरात्र असतो, तुमची बाटली साडेआठची. रात्री दोनला सर आली तर अ‍ॅप ती आजच्या खात्यात टाकेल, बाटली कालच्या. सर कधी आली ते वहीत लिहा.

करवीर_कट्टा
एवढं करून शेवटी दहात तीनदा भिजायचंच असेल तर मी आपला आकाश बघून ठरवतो. पश्चिमेला काळं झालं की झाकायचं.

गणित_मास्तर
दोन तासांसाठी तेच चांगलं आहे, आणि सोबत रडारचं चित्र. पण ‘दहात तीनदा’ नाही, १६ च्या खाली उघडं ठेवलं तर सहात एकदा सुद्धा नाही. उद्या सकाळी मजुरांना बोलवायचं का नाही हे आज संध्याकाळी ठरवायचं असतं, तेव्हा पश्चिमेला काही दिसत नाही.

शिरोळ_काठ
बरं. आज संध्याकाळीच झाकतो, उद्या सकाळी नऊला उघडतो. गावाचं नाव टाकून बघितलं तर ५५ दाखवतंय, कोल्हापूर टाकलं तर ७०. दोन्हीकडे झाकायचंच, एवढं कळलं. पण मास्तर, ५५ आणि ७० मधला कुठला लिहू वहीत?

गणित_मास्तर
गावाचा. आणि एकाच अ‍ॅपचा, रोज तोच. मध्येच अ‍ॅप बदललं तर आधीचे दिवस वेगळे काढा.

पंचगंगा_घाट
दव पडलं तर बाटलीत जाईल का? आमच्याकडे नदीकाठी पहाटे चांगलं दव असतं.

पावसाळी_वही
थोडं जाईल, पण बहुतेकदा ५ मिलिच्या खालीच. निरभ्र रात्र होती आणि बाटलीत २-३ मिलि मिळालं, तर वहीत ‘दव’ लिहा, पावसात धरू नका. ढगाळ रात्री तेवढंच मिळालं तर ते शिडकावा का दव, हे मला बाटलीवरून सांगता येणार नाही.